नुसते आकडे आले आणि ‘याचा चार्ट करून द्या’ एवढंच सांगितलं, तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर तालुक्यात माझं लहानसं संगणक केंद्र आहे. केळी उत्पादकांचे गट, दूध संस्था, पतपेढ्या, शाळा असे सगळे आपापले आकडे घेऊन येतात. कधी एक्सेलची फाईल येते, कधी वहीच्या पानाचा फोटो. खाली एकच ओळ असते: चार्ट करून द्या. पारोळ्याकडच्या एका दूध संस्थेच्या आप्पांचा निरोप तर अजून आठवतो, “ताई, याना चार्ट करी दे ना.” कशाची तुलना करायची, कोणाला दाखवायचं, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माझ्यासारखंच काम करणाऱ्या मुलामुलींनी वेळोवेळी मला जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आधी काय विचारायचं? कोणता चार्ट हवा, हेच ना?

नाही. तो प्रश्न विचारलात की ‘गोल करा’ किंवा ‘तुम्हीच बघा, छान दिसेल असा’ असं उत्तर मिळतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. आकडे आणणाऱ्याला त्याचं काम माहीत असतं. चार्टचे प्रकार त्याला माहीत असायचं कारण नाही, ते आपलं काम आहे.

मी विचारते, “हा चार्ट बघून समोरचे लोक काय ठरवणार आहेत?” या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं, कारण त्याच कामासाठी तो आलेला असतो. “सभेत पुढची लागवड ठरवायची आहे”, “बँकेत कर्जाची फाईल द्यायची आहे”, “सभासदांना हिशेब दाखवायचा आहे.” एवढं कळलं की कशाची तुलना करायची ते बहुतेक वेळा आपोआप ठरतं. मग दुसरा प्रश्न: तो दिसणार कुठे, भिंतीवर, कागदावर की मोबाईलवर? या दोन प्रश्नांवर माझं काम भागतं. पाच-सहा प्रश्नांची यादी पाठवली तर उत्तर येत नाही, “राहू द्या, दुसरीकडे करतो” असा निरोप येतो.

पण आकडे एकच असतात. चार्ट असा किंवा तसा, फरक काय पडतो?

फार पडतो. मला तो एका केळी गटाच्या कामात नीट कळला. त्यांचे खरे आकडे इथे देत नाही. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेतले आहेत, पण घडलेलं सगळं तसंच आहे. तक्ता असा होता:

| महिना | माल (क्विंटल) | सरासरी भाव (रुपये प्रति क्विंटल) |
|---|---|---|
| जानेवारी | ३०० | १८०० |
| फेब्रुवारी | ४०० | १७०० |
| मार्च | ५०० | १६०० |
| एप्रिल | ९०० | १३०० |
| मे | १४०० | १००० |
| जून | ५०० | १५०० |

सहा ओळी आणि दोन रकाने. यातून तीन सरळ चार्ट निघतात. पहिला नुसत्या भावाची रेषा. ती जानेवारीपासून खाली येते, मे महिन्यात तळाला जाते, जूनमध्ये वर वळते. हा चार्ट सांगतो की मे हा सगळ्यात वाईट महिना.

दुसरा चार्ट पैशाचा. माल गुणिले भाव केलं की दर महिन्याची रक्कम येते: ५.४ लाख, ६.८ लाख, ८ लाख, ११.७ लाख, १४ लाख आणि ७.५ लाख. त्याचे स्तंभ उभे केले तर मे महिन्याचा स्तंभ सगळ्यांत उंच. हा चार्ट सांगतो की मे हा सगळ्यात चांगला महिना.

दोन्ही चार्ट खरे आहेत आणि दोन्ही एकाच तक्त्यातून आलेत. तरी एक म्हणतो वाईट, दुसरा म्हणतो चांगला. फरक एवढाच की एकात भावाची तुलना आहे आणि दुसऱ्यात रकमेची.

तिसरा चार्ट दोन्ही एकत्र बघतो, म्हणजे माल किती गेला आणि त्या वेळी भाव काय होता. त्यातून दिसतं ते असं: सहा महिन्यांत एकूण ४००० क्विंटल माल गेला आणि त्यातला १४०० एकट्या मे महिन्यात, म्हणजे ३५ टक्के. एकूण पैसा ५३.४ लाख, त्यातले १४ लाख मे महिन्याचे, म्हणजे २६ टक्के. शंभरातला पस्तीस माल देऊन पैसा सव्वीसच हाती आला.

मी त्या दिवशी काहीच न विचारता रकमेचे स्तंभ करून दिले, कारण ते उंच आणि ठसठशीत दिसत होते. संध्याकाळी गटाच्या सभेत ते भिंतीवर लागले. लोक म्हणाले, मे तर आपला सोन्याचा महिना. सभा होती ती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी: सगळ्यांची लागवड एकाच पंधरवड्यात होते, ती पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्यानं करायची का? त्या प्रश्नासाठी माझा चार्ट नुसता निरुपयोगी नव्हता, तो लोकांना उलट दिशेला नेत होता. दुसऱ्या दिवशी नानांनी, म्हणजे गटाच्या सचिवांनी, मला हे शांतपणे सांगितलं. तेव्हापासून ‘काय ठरवणार आहात’ हे विचारल्याशिवाय मी माऊसला हात लावत नाही.

विचारायला माणूसच सापडत नाही. फोन लागत नाही आणि संध्याकाळपर्यंत हवंय. मग?

मग तक्त्यालाच विचारायचं. रकान्यांची नावं वाचा. कोणी मुद्दाम दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले असतील तर त्यांचा संबंध त्याच्या मनात होता, असं धरायला हरकत नाही. ओळी तारखेच्या क्रमाने असतील तर काळानुसार झालेला बदल दाखवा. ओळींत गावं किंवा माणसं असतील तर कोण जास्त, कोण कमी ते दाखवा. एखाद्या ओळीला रंग दिलेला असेल किंवा खाली ‘मागील वर्षी’ असं लिहिलेलं असेल, तर विचारणाऱ्याला काय खुपतंय ते तिथेच सापडतं.

त्यावरून एकच चार्ट करा. ‘बघा यातला कोणता आवडतो’ म्हणून पाच पाठवले तर समोरचा सगळ्यात रंगीत निवडतो. एक पाठवा आणि काय धरून केलाय ते सोबत लिहा. कसं लिहायचं ते शेवटी दिलं आहे.

तक्ता निवडला आणि एक्सेलचा चार्ट टाकला. तोच देऊन चालेल ना?

त्या केळीच्या तक्त्यावर करून बघा. एक्सेल दोन्ही रकाने एकाच अक्षावर शेजारी शेजारी उभे करतो. मे महिन्यात १४०० चा एक स्तंभ आणि त्याला चिकटून १००० चा दुसरा. बघणाऱ्याला वाटतं पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. पण पहिला क्विंटल आहे आणि दुसरा रुपये. त्यांच्यात लहानमोठं असं काही नसतंच. आकडे योगायोगानं एकाच आवाक्यातले असले की ही चूक लपून जाते, म्हणून ती जास्त घातक. माल ४० क्विंटल असता तर त्याचे स्तंभ जमिनीला चिकटलेले दिसले असते आणि चूक लगेच कळली असती.

वर्षांच्या बाबतीतही असंच होतं. पहिल्या रकान्यात २०२१, २०२२, २०२३ असेल तर एक्सेल त्यांनाही मोजमाप समजून त्यांचे स्तंभ काढू शकतो. साधारण दोन हजार उंचीचे, सगळे सारखे स्तंभ दिसले की समजायचं ती वर्षं आहेत. तक्त्याचा डावीकडचा वरचा कोपऱ्यातला रकाना रिकामा ठेवून चार्ट पुन्हा टाकला की बहुधा ते सुटतं.

एखाद्या महिन्याचा स्तंभच आला नाही, तर तो आकडा मजकूर म्हणून भरला आहे का ते बघा. `1400 क्विं.` असं एकाच रकान्यात लिहिलं की तो आकडा राहत नाही. ओळखायची खूण म्हणजे तो डावीकडे चिकटतो आणि बेरजेत धरला जात नाही.

माल आणि भाव एकत्र दाखवायचे आहेत. डावीकडे क्विंटल आणि उजवीकडे रुपये असे दोन अक्ष घेऊ का?

मी घेत नाही. एका चार्टवर दोन अक्ष असले की बघणारा दोन्ही रेषा कुठे एकमेकींना छेदतात ते बघतो आणि तिथे काहीतरी घडलं असं समजतो. तो छेद कुठे पडेल हे अक्षावरचे आकडे ठरवतात. उजवा अक्ष ० ते २००० ऐवजी ८०० ते २००० केला की छेदाची जागा सरकते. म्हणजे लोकांची नजर जिथे जाते ती जागा आपण नकळत बनवलेली असते.

त्याऐवजी दोन चार्ट एकाखाली एक लावते. वर मालाचे स्तंभ, खाली भावाची रेषा, दोघांना तेच सहा महिने. मे महिन्यावरून बोट सरळ खाली नेलं की वरचा उंच स्तंभ आणि खालचा तळ एकाच रेषेत येतात. एवढं पुरतं.

इथे एक बारीक काम आहे, ते टाळू नका. दोन चार्टची रुंदी सारखी ठेवली तरी डाव्या अक्षावरच्या आकड्यांची लांबी वेगळी असली की आतली जागा पुढेमागे होते आणि वरचा मे खालच्या मे महिन्यावर येत नाही. आतली चौकट हाताने ओढून जुळवावी लागते. महिन्यांची नावं फक्त खालच्या चार्टला ठेवा.

स्तंभ असेल तर अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण माणूस स्तंभाची उंची मापतो. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःहून अक्ष शून्याऐवजी एखाद्या मोठ्या आकड्यापासून सुरू करतो. तिथे १४८० आणि १५२० मध्ये दुप्पट फरक दिसू शकतो. रेषेत नजर चढउताराकडे असते, म्हणून भावाची रेषा ८०० पासून सुरू केली तरी चालते. मात्र अक्षावरचे आकडे ठळक हवेत.

‘गोल चार्टच पाहिजे’ असा आग्रह असेल तर?

रकान्याची बेरीज करा आणि त्या बेरजेला काही अर्थ आहे का ते बघा. मालाची बेरीज ४००० क्विंटल, ती खरी वस्तू आहे, ट्रकमधून गेलेली. भावांची बेरीज ८९००, ती कशाचीच नाही. तेव्हा मालाचा गोल चार्ट निघू शकतो, भावाचा नाही. असं समोर बेरीज करून दाखवलं की आजवर कोणी वाद घातलेला नाही.

मालाचाही गोल मी सहसा टाळते. जून आणि मार्च दोन्ही ५०० आहेत हे गोलातल्या दोन फाकींवरून सांगता येत नाही, स्तंभांवर लगेच दिसतं. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघांनी १९८४ मध्ये हेच तपासलं होतं: कोनांपेक्षा एका रेषेवरची उंची माणूस जास्त अचूक ओळखतो. दोन-तीनच भाग असतील, एक ठळक मोठा असेल, तर गोल चालून जातो. तेवढ्यावरून भांडू नये.

तक्त्यात महिने नसून गावं आहेत. मग?

आडवे पट्टे घ्या आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा. गावांना रेषेने जोडू नका. रावेरहून सावद्याकडे उतरती रेषा काढली तर ती कशाचा उतार दाखवते? मधे काही नाही.

यावरून आठवलं. स्तंभांचा चार्ट ज्यानं पहिल्यांदा छापला त्या विल्यम प्लेफेअरची अडचण हीच होती. १७८६ मध्ये तो देशांच्या व्यापाराच्या रेषा काढत होता, पण स्कॉटलंडचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. वर्षानुवर्षांची रेषा काढता येईना, म्हणून त्यानं सतरा ठिकाणांशी झालेल्या व्यापाराचे पट्टे एकाखाली एक काढले. हातात असलेल्या तक्त्यानं चार्टचा प्रकार ठरवला.

सरासरी भावाची रेषा मारायला सांगितली आहे. सहा भावांची सरासरी घेऊ?

घेऊ नका. सहा भावांची साधी सरासरी १४८३ रुपये येते. पण मे महिन्यात १४०० क्विंटल हजार रुपयांनी गेले आणि जानेवारीत ३०० च क्विंटल अठराशेनं. दोघांना सारखं वजन देणं चूक आहे. एकूण रक्कम भागिले एकूण माल करा:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

उत्तर १३३५. गटाला प्रत्येक क्विंटलमागे हातात पडला तो भाव हाच. दोन सरासऱ्यांत १४८ रुपयांचा फरक आहे, आणि ४००० क्विंटलवर तो जवळपास सहा लाखांचा होतो. सभेत १४८३ ची रेषा दाखवली तर एखादा सभासद आपल्या विक्रीच्या पट्ट्या काढून म्हणेल, “ताई, हा भाव आम्हाला कधी मिळाला?” आणि त्याचं बरोबर असेल.

एखाद्या महिन्यात कटाईच झाली नाही. शून्य भरू का?

मालाच्या रकान्यात शून्य भरा, ते खरं आहे. भावाच्या रकान्यात शून्य भरू नका. माल गेला नाही म्हणजे भाव शून्य होता असं नाही, आपल्याला भाव मिळालाच नाही. शून्य भरलं तर रेषा जमिनीवर आपटते आणि बघणारा घाबरतो. रकाना रिकामा ठेवा, रेषेत खंड दिसू द्या आणि खाली लिहा: जुलैमध्ये कटाई नाही.

कोण बघणार आहे यानं चार्टमध्ये काय बदलतं?

केळी गटाचंच घ्या. सभेत भिंतीवर दाखवायचा असेल तर माल आणि भावाचे एकाखाली एक दोन चार्ट, मे महिन्याचा स्तंभ गडद, बाकीचे फिके आणि अक्षरं मोठी. माझी कसोटी अशी: ए-फोर कागदावर छापून जमिनीवर ठेवायचा आणि उभ्यानं वाचायचा. वाचता आला तर मागच्या रांगेतल्या आजोबांनाही वाचता येईल.

बँकेत द्यायचा असेल तर रकमेचा चार्ट योग्य, तोच जो मी सभेत चुकून दिला होता. तिथल्या साहेबांना कोणत्या महिन्यात किती पैसा हाती येतो आणि हप्ता कधी झेपेल, हे बघायचं असतं. तिथे प्रत्येक स्तंभावर आकडा लिहा आणि तक्ताही जोडा. तो कागद पुढे झेरॉक्स होऊन फिरतो, तेव्हा लाल-हिरव्याचा भरवसा धरू नका. झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी होतात.

सभासदांच्या मोबाईलवर जाणार असेल तर दोनच्या जागी एकच चार्ट पाठवा आणि तो उभा ठेवा. आडवा चार्ट फोनवर बारीक होतो आणि कोणी तो मोठा करून बघत नाही.

माल वाढला तेव्हा भाव पडला हे चार्टमध्ये दिसतंय. मग ‘जास्त माल आणल्यामुळे भाव पडला’ असं लिहू का?

लिहू नका. एका गटाच्या १४०० क्विंटलनं भाव हलत नाही. त्याच दिवसांत रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर सगळीकडून माल निघत असतो, शेजारी बऱ्हाणपूरचा बाजार असतो, उत्तरेकडची मागणी असते. वादळानं बागा आडव्या झाल्या तर पडलेला माल मिळेल त्या भावानं द्यावा लागतो. या तक्त्यात यातलं काहीच नाही. तक्ता एवढंच सांगतो की आपला माल जास्त निघाला तेव्हा भाव कमी होता. सभेसाठी तेवढं पुरेसं होतं, कारण कारण काहीही असो, सगळा माल एकाच महिन्यात येऊ द्यायचा का हे ठरवणं गटाच्या हातात होतं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की सहा महिने म्हणजे एकच हंगाम. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या लागवडी वेगवेगळ्या वेळी कापणीला येतात. दोन-तीन वर्षांचे आकडे असतील तर प्रत्येक वर्षाची वेगळी रेषा काढा आणि तळ दरवेळी मे महिन्यातच येतो का ते बघा. नानांकडे पुढे जुन्या वह्या निघाल्या, त्यावर आम्ही ते करतो आहोत.

चार्टला नाव काय द्यायचं?

‘माल व भाव तक्ता’ असं नाव दिलं तर वाचणाऱ्याला काय बघायचं ते कळत नाही. चार्टमध्ये जे दिसतं ते वाक्यात लिहा: ‘मे महिन्यात ३५ टक्के माल गेला, पैसा २६ टक्के आला’. असं वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर कशाची तुलना चालू आहे ते तुम्हालाही अजून कळलेलं नाही. तेव्हा थांबा, फोन करा.

पाठवताना सोबत काय लिहू?

दोन-तीन ओळी, ज्यात तुम्ही काय धरलं ते असेल आणि ते चुकलं असेल तर काय सांगायचं तेही. नानांना मी आता असं पाठवते:

“नाना, हा चार्ट सभेत लागवडीची वेळ ठरवायला आहे असं धरून केलाय. वर माल, खाली भाव, जानेवारी ते जून. बँकेसाठी हवा असेल तर नुसतं ‘बँक’ लिहा, रकमेचा करून देते. एप्रिलचा माल वहीत दोनदा खोडलेला दिसतो, मी ९०० धरलाय, तेवढं बघून सांगा.”

शेवटच्या ओळीचं उत्तर सगळ्यात आधी येतं. त्या वेळी नानांनी दहा मिनिटांत फोन केला आणि म्हणाले, “नऊशेच बरोबर, ताई. आधी चुकून मे मधला एक ट्रक त्यात लिहिला होता.”